अंधारात हरवलेल्या नव्वद फ्रेम्स

गुरुपौर्णिमेला भाच्याच्या तबल्याच्या क्लासचा कार्यक्रम होता. त्याचं वीस मिनिटांचं एकल वादन मी फोनवर घेतलं. फोन ट्रायपॉडवर, पहिल्या रांगेच्या बाजूला, एकदा बटण दाबलं ते शेवटचीच टाळी झाल्यावर बंद केलं. जुलैचा पाऊस, त्यामुळे बाराव्या मिनिटाला व्हायचं तेच झालं. दिवे गेले. पेटीवर लेहरा धरणारे गृहस्थ थांबले नाहीत म्हणून पोरगंही थांबलं नाही. दोन-चार जणांनी मोबाइलचे टॉर्च लावले, आणि पंधरा सेकंदांनी जनरेटर सुरू झाला.

घरी येऊन फोनवरच पूर्ण व्हिडिओ पाहिला. अगदी चोख. मग तो कॉम्प्युटरवर घेतला, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, सुरुवातीला नावाची पट्टी चढवली, रंग थोडे उजळले, आणि पहिली पाच मिनिटं तपासून घरच्या ग्रुपवर पाठवून दिला. तासाभरात बहिणीचा फोन.

‘‘दादा, व्हिडिओत काहीतरी गडबड झालीये रे. शेवटच्या तिहाईला याचा हात आधी पडतोय आणि ‘धा’ नंतर ऐकू येतोय.’’

खरंच येत होता, तीन सेकंदांनी. भाषणाच्या व्हिडिओत हे थोडं लपतं, तबल्यात लपत नाही. चाटेवर बोट पडताना दिसतं आणि ठोका ऐकू येतो, दोन्हींत फट पडली की लहान मूलही सांगेल. मी आवाजाची पट्टी तीन सेकंद पुढे सरकवली. शेवट जुळला, पण सुरुवात बिघडली. मग वेगळा उपाय केला: आवाज दोन्ही टोकांना धरून किंचित आवळला, म्हणजे वीस मिनिटांचा आवाज तीन सेकंदांनी कमी केला. आता सुरुवातही जुळली आणि शेवटही जुळला. मधलं सगळं मात्र बिनसलं. बाराव्या मिनिटापर्यंत आवाज हळूहळू चित्राच्या पुढे धावत होता, आणि मग अचानक चित्राच्या मागे पडत होता.

आवाज एका जागी पुढे आणि दुसऱ्या जागी मागे कसा काय पडू शकतो? आणि तीच फाइल फोनवर चोख कशी दिसते?

याचं उत्तर समजायला आधी फोन व्हिडिओ कसा साठवतो ते पाहू. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक काढलेले फोटो, त्यांना फ्रेम म्हणतात. फोनच्या सेटिंगमध्ये आपण ‘३०’ निवडतो तेव्हा सेकंदाला तीस फ्रेम्स, असं आपण समजून चालतो. आवाजाचं वेगळं आहे. माइककडून येणाऱ्या आवाजाची मोजमापं सेकंदाला ठरावीक वेळा घेतली जातात, बहुतेक फोनमध्ये ४८,००० वेळा, आणि त्यात प्रकाश असो, अंधार असो, फरक पडत नाही. आवाज घड्याळासारखा चालतो. फ्रेम्स मात्र तशा चालत नाहीत. त्या जेव्हा तयार होतील तेव्हा येतात. म्हणून फोन प्रत्येक फ्रेमबरोबर तिचा वेळही लिहून ठेवतो. एमपीफोर फाइलच्या पोटात एक तक्ता असतो, त्यात कोणती फ्रेम किती वेळ पडद्यावर ठेवायची हे नोंदलेलं असतं.

ही नोंद सेकंदात नसते. सेकंदाचे बारीक भाग केलेले असतात, अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ९०,००० भाग. तेव्हा सेकंदाला तीसच्या वेगाने आलेल्या फ्रेमसमोर ३००० हा आकडा असतो, कारण ९०,००० ला तीसने भागलं की तेवढेच येतात. दिवे गेले आणि वेग चोवीसवर उतरला की फ्रेमसमोर ३७५० लिहिलं जातं. माझ्या फाइलच्या तक्त्यात साधारण हेच दिसत होतं. सुरुवातीला तीन हजारांच्या आसपासचे आकडे, २९९८, ३००३, २९९५ असे थोडे इकडेतिकडे. मधे एका ठिकाणी पावणेचार हजारांच्या आसपासची एक रांग. आणि मग पुन्हा तीन हजार. अशा बदलत्या वेगाला ‘व्हेरिएबल फ्रेम रेट’ म्हणतात, आणि एकसारख्या वेगाला ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’.

व्हिडिओ नुसता दाखवणाऱ्या प्लेअरला या तक्त्याचं काही ओझं नसतं. ३००० लिहिलंय तिथे तेवढा वेळ थांबायचं, ३७५० लिहिलंय तिथे थोडं जास्त थांबायचं, आणि पुढची फ्रेम दाखवायची. आवाज आपल्या गतीने चाललेला असतोच. म्हणून फोनवर सगळं जुळलेलं दिसतं.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर मुळात वेगळ्या डोक्याचं असतं. त्याची टाइमलाइन म्हणजे रांगोळीचा ठिपक्यांचा कागद. सगळे ठिपके सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक ठिपक्यावर एक फ्रेम. कापायचं, जोडायचं, सरकवायचं ते ठिपक्यांवरच. ‘बाराव्या मिनिटाची अठरावी फ्रेम’ असं बोट ठेवता यावं म्हणून हा कागद लागतो. मग माझी फाइल आत आल्यावर जुन्या वळणाचं सॉफ्टवेअर तक्ता वाचतच नाही. ते फक्त मोजतं: एकूण फ्रेम्स किती, वेग किती. वेग तीस असं मानून ते पहिली फ्रेम पहिल्या ठिपक्यावर, दुसरी दुसऱ्यावर, अशी मांडत जातं.

आता माझ्या फाइलचा हिशोब मांडतो. वीस मिनिटं म्हणजे १,२०० सेकंद. वेग पूर्णवेळ तीस असता तर ३६,००० फ्रेम्स व्हायला हव्या होत्या. पण दिवे गेले ते पंधरा सेकंद वेग चोवीसवर होता, म्हणजे दर सेकंदाला सहा फ्रेम्स कमी. पंधरा सक नव्वद. फाइलमध्ये फ्रेम्स भरल्या ३५,९१०. या ठिपक्यांवर तीसच्या वेगाने मांडल्या की चित्र १,१९७ सेकंदांत संपतं, म्हणजे तीन सेकंद आधी. आवाज मात्र पूर्ण १,२०० सेकंदांचाच राहतो.

टाइमलाइनवर ही खूण डोळ्यांना दिसते: चित्राची पट्टी आवाजाच्या पट्टीपेक्षा आखूड. मी ती पाहिली होती आणि ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिली होती.

या हिशोबातली महत्त्वाची गोष्ट तीन सेकंद ही नाही. महत्त्वाचं हे, की ते तीन सेकंद वीस मिनिटांत वाटले गेले नाहीत. बाराव्या मिनिटापर्यंत एकही फ्रेम कमी नव्हती, म्हणून तिथपर्यंत सगळं नीट. दिवे गेल्यावर पंधरा सेकंदांत सगळं नुकसान झालं. नंतर वेग पुन्हा तीस झाला, म्हणून फट वाढली नाही, पण बुजलीही नाही. पुढची पावणेआठ मिनिटं चित्र तेवढंच, बरोबर तीन सेकंद पुढे.

त्यामुळेच माझे दोन्ही उपाय फसले. आवाज सरकवणं हा उपाय सबंध फाइलभर सारखी फट असेल तर चालतो. आवाज आवळणं किंवा ताणणं हा फट संथपणे, एका लयीत वाढत असेल तर चालतो. माझी फट पायरीसारखी होती. आवळलेल्या आवाजाचा हिशोब केला तेव्हा बाराव्या मिनिटाला आवाज चित्राच्या १.८ सेकंद पुढे होता आणि पंधरा सेकंदांनंतर सुमारे १.२ सेकंद मागे. मी कानांनी ऐकलं होतं तेच. काही सॉफ्टवेअरं तीस न मानता सरासरी काढतात, माझ्या फाइलची २९.९२५ येते, आणि ती सगळीकडे लावतात. निकाल तोच: दोन्ही टोकं जुळलेली आणि मधला भाग विस्कटलेला. हे जास्त धोक्याचं, कारण घाईत आपण दोन टोकंच तपासतो.

म्हणून आता कुणी ‘आवाज पुढेमागे होतोय’ म्हणालं की मी आधी विचारतो, फट वाढते कशी? एकसारखी वाढत असेल तर संशय दुसरीकडे जातो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर दोन यंत्रांच्या दोन घड्याळांत बारीक फरक असतो. दहा लाखांत वीस भागांचा फरक धरला तर तासाभरात ७२ मिलिसेकंद, म्हणजे दोन फ्रेम्सच्या थोडं वर. किंवा फाइल २९.९७ ची आणि प्रोजेक्ट ३० चा, अशी गाठ असेल. त्यात वीस मिनिटांत १.२ सेकंदांची फट पडते, पण इंचाइंचाने. फट मधेच उडी मारत असेल, थांबत असेल, पुन्हा उडी मारत असेल, तर फोनने वेग बदलला आहे, आणि उडी जिथे आहे तिथे चित्रात काहीतरी घडलेलं सापडतं. बहुतेक वेळा प्रकाश.

फोन हे का करतो? तर अंधारात बरं चित्र मिळावं म्हणून. सेकंदाला तीस फ्रेम्स घ्यायच्या तर प्रत्येक फ्रेमला प्रकाश गोळा करायला जास्तीत जास्त ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पुरेसा प्रकाश आला नाही की फोनपुढे दोन वाटा असतात: आलेला प्रकाश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फुगवायचा, त्यात चित्रावर दाणे पडतात, किंवा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ द्यायचा. चोवीसच्या वेगाने जवळपास ४२ मिलिसेकंद मिळतात. चित्र उजळ, दाणे कमी. कॅमेऱ्याच्या दृष्टीने हा शहाणपणाचा सौदा आहे, आणि नुसता पाहणाऱ्याचं त्यात काही नुकसानही होत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये Camera, मग Record Video, आणि तिथे Auto FPS असं या सौद्याला चक्क नाव दिलेलं आहे. ते बंद करता येतं. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याचं ॲप फोनला वेगाची खालची आणि वरची मर्यादा कळवतं. खालची पंधरा आणि वरची तीस असेल तर फोनला मोकळं रान. दोन्ही तीस असतील तर वेग बांधलेला.

प्रकाशाखेरीज आणखी एक कारण म्हणजे ताप. उन्हात तासभर रेकॉर्डिंग केलं की फोन तापतो, प्रोसेसर दमाने घेतो, आणि एखाददुसरी फ्रेम वेळेत तयार होत नाही. ती सुटते. या फ्रेम्स रांगेने नाही, सुट्या सुट्या गळतात, म्हणून फट पायरीपायरीने वाढते. फोनच्या पडद्याचं रेकॉर्डिंग तर सगळ्यांत वाईट. पडद्यावर काही हललं नाही तर नवी फ्रेम कशाला घ्यायची, या हिशोबाने कित्येक फोन फ्रेम्स टाकतच नाहीत.

गंमत म्हणजे बदलता वेग हा सिनेमाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचा होता. हात कमीजास्त चालला तर वेग कमीजास्त, आणि मूकपटात त्याने फारसं बिघडत नव्हतं. पुढे आवाज आला आणि फिल्मच्याच कडेला छापला जाऊ लागला, तेव्हा वेग हलला तर गाणं बेसूर होणार. मग मोटर बसवून वेग चोवीसला बांधून टाकला गेला. ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा मराठी बोलपट ज्या जगात आला ते बांधलेल्या वेगाचं जग होतं, आणि एडिटिंगची सॉफ्टवेअरं त्याच जगाचे वारस आहेत. फोनने हाताने फिरवायचा कॅमेरा परत आणला, फक्त बरोबर एक हिशोबनीस ठेवला.

आता हे ओळखायचं कसं? मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की व्हिडिओच्या माहितीत `Frame rate mode : Variable` किंवा `Constant` अशी ओळ दिसते. Variable दिसलं की लगेच घाबरून जाऊ नये. फोनच्या फाइलमध्ये दोन-पाच भागांचा हलका थरथराट जवळपास नेहमीच असतो, आणि तो पुढे-मागे होऊन फिटतो. त्याने फट पडत नाही. खालच्या दोन ओळी पाहाव्यात, `Minimum frame rate` आणि `Maximum frame rate`, आणि त्यांच्या जोडीला सरासरी. सरासरी अगदी ३० किंवा २९.९७ वर असेल तर बहुधा निभावेल. माझ्यासारखी २९.९२५ अशी मधलीच अडनिडी संख्या असेल तर कुठेतरी फ्रेम्स कमी आहेत.

दुरुस्ती एडिटिंगच्या आधी करायची. फाइल अशा सॉफ्टवेअरमधून काढायची जे तक्ता वाचून ठिपके भरतं: जिथे फ्रेम नाही तिथे आधीच्याच फ्रेमची नक्कल ठेवतं. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर ते करतं. त्याच्या Video पानावर Framerate मध्ये ३० निवडायचं आणि खाली `Constant Framerate` वर खूण करायची. इथे एक खड्डा आहे. त्याच जागी `Peak Framerate` असाही पर्याय असतो, आणि पुष्कळ तयार सेटिंग्जमध्ये खूण आधीच त्यावर असते. त्याचा अर्थ ‘तीसच्या वर जाऊ नकोस’ एवढाच. खाली उतरायला पूर्ण मोकळीक. मी पहिल्या वेळी तेच करून अर्धा तास घालवला आणि आजार होता तसाच घेऊन बाहेर पडलो. ज्यांना आज्ञा टाइप करण्याचं वावडं नाही त्यांनी एफएफएमपेग वापरावं:

```
ffmpeg -i tabla.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy tabla_cfr.mp4
```

यात `fps=30` हे ठिपके भरतं, `-crf 18` चित्राचा दर्जा फार उतरू देत नाही, आणि `-c:a copy` आवाजाला हातही लावत नाही. आवाजाला हात लावायचं कारणच नाही. तो पहिल्यापासून बरोबर होता. आपण ‘आवाज पुढेमागे झाला’ म्हणतो खरं, पण सरकलेलं असतं ते चित्र. नवी फाइल आकाराने मोठी होते, दुप्पट-तिप्पटही होऊ शकते. त्याला इलाज नाही.

काही एडिटिंग सॉफ्टवेअरं आता तक्ता स्वतः वाचतात. प्रीमिअर प्रोमध्ये क्लिपच्या सेटिंगमध्ये `Preserve Audio Sync` असा पर्याय असतो, तो हेच काम जागच्या जागी करतो. लांबलचक रेकॉर्डिंग असेल तर मी तरीही आधी फाइल बदलून घेतो.

आधीच एडिटिंग झालेलं असेल तर मात्र जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवून भागत नाही. बाराव्या मिनिटानंतरचे सगळे काप फ्रेमच्या क्रमांकाने केलेले असतात, आणि नवीन फाइलमध्ये ते क्रमांक नव्वदने पुढे गेलेले असतात. मावसभावाने बाजूने दुसऱ्या फोनवर घेतलेलं चित्रणही मी मधे मधे वापरलं होतं, तीही फाइल वेगळी दुरुस्त करावी लागली, कारण त्याच्या फोनने अंधारात आपला वेगळाच वेग धरला होता. दोन्ही दुरुस्त झाल्यावर मात्र एकदा जुळवलं ते शेवटपर्यंत जुळलं. वीस मिनिटांत दोन फोनच्या घड्याळांतला फरक एका फ्रेमच्याही आत राहतो.

किती जुळलं म्हणजे जुळलं, यालाही माप आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर प्रेक्षकांना जाणवायला लागतं, मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. हा दुजाभाव निसर्गाने शिकवलेला. सभागृहात पंधरा मीटर मागे बसलेल्याला आवाज तसाही ४४ मिलिसेकंद उशिराच पोचतो, पण आधी कधीच पोचत नाही. माझी फट तीन हजार मिलिसेकंदांची होती.

पुढच्या कार्यक्रमाला मी Auto FPS बंद केलं, फोनचं जाड कव्हर काढून ठेवलं, आणि वादन सुरू होण्याआधी आणि संपल्यावर कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवून घेतली. दोन टाळ्यांतलं अंतर चित्रात मोजायचं आणि आवाजात मोजायचं. जुळलं नाही तर एक तरी फ्रेम कुठेतरी गळलेली आहे. मात्र माझ्यासारखी मधेच पुढे-मागे होणारी फट यातून सुटू शकते, म्हणून मधल्या एखाद्या ठसठशीत ठोक्यावरही नजर टाकतो.

भाच्याच्या व्हिडिओची दुरुस्त प्रत बरोबर ३६,००० फ्रेम्सची झाली. त्या पंधरा सेकंदांत दर चार फ्रेम्समागे एक नक्कल आहे, त्यामुळे नीट पाहिलं तर बोटं किंचित अडखळत चालल्यासारखी दिसतात. मी बहिणीला ते दाखवलं.

‘‘तिथे दिवेच गेले होते ना,’’ ती म्हणाली, ‘‘शेवटचा धा लाव.’’